घरच्या ईमेलचा पासवर्ड कोणाकडे? पालखीआधी बघून घ्या

अंथुर्णेकर मंडळी, शाळा उघडायला आल्या आहेत आणि पाठोपाठ तुकोबांची पालखी येईल. पालखी आली की घरात कोणाला पाणी प्यायला सवड नसते. म्हणून त्याआधी अर्धा तास काढा आणि विजेचं बिल, शाळेच्या सूचना ज्या ईमेलवर येतात तो नेमका कोणाच्या हातात आहे, ते तपासा.

आपल्याकडचे पुष्कळ ईमेल घरी उघडलेलेच नाहीत. शिष्यवृत्तीचा किंवा आरटीईचा अर्ज भरताना रकाना रिकामा दिसला, की केंद्रचालक तिथल्या तिथे ईमेल काढून देतो. मागे रांग असते, म्हणून ओटीपीही स्वतःच्याच फोनवर घेतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण रिकव्हरी नंबर त्याचा राहतो. पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवता येतं ते त्यालाच, आपल्याला नाही.

यातून काय होतं ते एका घरावरून पाहू. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. मोबाईल नोंदलाय धाकट्याचा, आणि तो बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. छापील बिल नको म्हटलं तर महावितरण ‘गो-ग्रीन’मध्ये सवलत देतं, म्हणून बिल ईमेलवर घेतलं. तो ईमेल मात्र थोरल्याच्या जुन्या फोनमध्ये, आणि फोन कपाटात. दोन बिलं थकली. वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे जोडणी तोडण्याआधी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती आली धाकट्याच्या मोबाईलवर, पण त्याला वाटलं, बिल दादा भरतो. घरच्यांना कळलं ते वायरमन दारात आल्यावर. पैसे नव्हते असं नाही, बिल कोणी पाहिलंच नव्हतं.

आता करायचं काय? गूगल खात्याच्या Security पानावर जाऊन Recovery phone बघा. नंबर घरच्या माणसाचा नसेल तर आजच बदला आणि नवा पासवर्ड ठेवा. तिथेच Your devices मध्ये खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि संगणकावर उघडं आहे ते दिसतं. ओळखीचं नसेल ते बाहेर काढा. विजेच्या नोंदीतला मोबाईल बदलायचा असेल तर नव्या नंबरवरून 9930399303 ला असा मेसेज करा:

```
MREG <12 अंकी ग्राहक क्रमांक>
```

पासवर्ड कोणाकडे असावा याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आई आणि वडील, दोघांकडेच. एकाकडे ठेवला तर तो कामावर असताना सगळं अडतं, आणि घरी थांबणारी, शाळेत जाणारी बहुतेक वेळा आईच असते. तिला खातं उघडता येत नाही ही सबब चालू देऊ नका, दहा मिनिटांत शिकता येतं. काका, आजी, चुलतभाऊ यांना बिल कळायला हवं, पण पुतणीचे गुण आणि शाळेच्या तक्रारी कळायची गरज नाही. त्यासाठी संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमधल्या Forwarding मध्ये आधी त्यांचा ईमेल जोडा, आणि मग महावितरणच्या मेलपुरता तिकडे पाठवणारा फिल्टर लावा. बिल आपोआप त्यांच्या ईमेलवर जाईल आणि पासवर्ड द्यावा लागणार नाही. पुढे भावाभावांत वाटणी झाली, किंवा नवरा-बायको वेगळे राहू लागले, तर त्याच आठवड्यात पासवर्ड बदला. वेगळ्या राहणाऱ्या पालकाचा ईमेल शाळेत स्वतंत्र नोंदवा. जुनं सामाईक खातं हे भांडणाचं हत्यार होतं.

मुलांच्या हाती हा ईमेल देऊ नका. गैरहजेरीची सूचना मुलानेच आधी वाचली तर ती तुमच्यापर्यंत कशाला येईल!

या खात्याला बँक जोडू नका. ज्याच्या हातात ईमेल, त्याला ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून बाकीची खाती उघडायचा प्रयत्न करता येतो. बँकेसाठी ज्याचा त्याचा वेगळा ईमेल असू द्या.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर फोन करू नका. महावितरणचा मेसेज MSEDCL ही अक्षरं असलेल्या नावाने येतो, कोणाच्या दहा अंकी नंबरवरून नाही. बिल खरंच थकलंय का, ते घरच्या ईमेलवर दिसेल, अर्थात तो तुमच्या हातात असेल तर. आणि आरटीईचा अर्ज भरला असेल तर मेसेजची वाट बघत बसू नका, पोर्टलवर स्वतः अर्जाची स्थिती पाहा. प्रवेशाची मुदत मेसेजसाठी थांबत नाही.

हे जमत नसेल तर शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलवा, पण नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका. पालखी यायच्या आत एवढं उरकून घ्या.