विश्लेषण : दिवाळीची जाहिरात ‘आपण’ म्हणणारी की ‘तू’ म्हणणारी?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर उभे राहिले, की एका नजरेत तीन पिढ्या दिसतात. गणेश मंदिरात दर्शन घेऊन परतणारे आजी-आजोबा, नवीन कपड्यांत फोटो काढणारी कॉलेजची मुले आणि या दोघांच्या मधून पिशव्या सांभाळत वाट काढणारे आई-बाबा. ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवर हेच चित्र असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेले फलक मात्र दोनच भाषांत बोलतात. एक म्हणतो, ‘आपणांस सवलत देण्यात येत आहे’. दुसरा म्हणतो, ‘भावा, ऑफर कडक आहे, ये लवकर’. पहिला तरुणांना सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, दुसरा आजोबांना उर्मट वाटतो. फराळ, साड्या किंवा सोने विकणाऱ्याला मात्र या तिन्ही पिढ्या हव्या असतात, कारण खरेदीचा निर्णय घरात एकत्र होतो आणि जाहिरातीचे चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच फिरते.

मग प्रमाण लेखी मराठी वापरायची की बोलण्यातली? जाहिरात लिहिणारे हा प्रश्न असा विचारतात आणि तिथेच अडकतात. दोन्ही पिढ्यांचा आक्षेप भाषेच्या वेगवेगळ्या जागी आहे, हे लक्षात घेतले तर गुंता बराच सुटतो.

कोणाला नेमके काय खटकते?

वयस्कर वाचकाला बोलण्यातली मराठी खटकत नाही. तो स्वतः घरात तीच बोलतो. त्याला खटकतो एकेरी उल्लेख. ‘ये’, ‘घे’, ‘तुझी दिवाळी’ हे अनोळखी दुकानदाराने म्हणावे, हे त्याला मान्य नसते. तरुण वाचकाला ‘या’, ‘घ्या’ म्हटल्याचा राग येत नाही. त्याला कंटाळा येतो तो ‘देण्यात येत आहे’, ‘लाभ घ्यावा’, ‘उपलब्ध करून देण्यात आली आहे’ अशा वाक्यांचा. या वाक्यांत कोण देते, किती देते आणि कधीपर्यंत, हे शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणजे एकाचा आक्षेप क्रियापदातल्या मानावर आहे आणि दुसऱ्याचा वाक्याच्या लांबलचक कर्मणी बांधणीवर. दोन्ही गोष्टी एकाच मजकुरात टाळता येतात. एकाला खूश करण्यासाठी दुसऱ्याला दुखवावे लागत नाही.

आपल्या सणांनी हे फार आधीच करून ठेवले आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य पहा. त्यात ‘आपण’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘तू’ही नाही. नुसते अनेकवचनी आज्ञार्थी क्रियापद आहे. सात वर्षांची मुलगी ते शेजारच्या काकांना म्हणू शकते आणि दुकानदार ते सगळ्या गावाला म्हणू शकतो. दसऱ्याला आपण ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणतो. इथे मान क्रियापदात आहे आणि घरगुतीपणा ‘सोनं’वरच्या अनुस्वारात. बाप्पालाही निरोप देताना आपण ‘लवकर या’ असेच सांगतो. सर्व वयांसाठी चालणारी सणाची भाषा हवी असेल, तर तिचा साचा हाच : सर्वनाम गाळा, क्रियापद मानाचे ठेवा, बाकीचे शब्द घरातले वापरा.

‘केले’ की ‘केलं’?

लेखनाच्या शासनमान्य नियमांत औपचारिक लेखनासाठी ‘असे केले’ हे रूप आहे. बोलण्याचे चित्रण करायचे असेल तेथे ‘असं केलं’ चालते. (वृत्तपत्राचा लेख म्हणून हा मजकूरही ‘केले’नेच चालला आहे.) जाहिरात हे दुकानदाराचे ग्राहकाशी बोलणेच असते, त्यामुळे तिथे ‘केलं’, ‘आणलं’, ‘सोनं’ लिहिण्यात चूक काही नाही. चूक होते ती दोन्हींची भेळ करण्यात. ‘आपले मनःपूर्वक स्वागत, यंदा काय घेतलंय तुम्ही?’ या वाक्यात बोलणारा माणूस मध्येच बदलतो. सुरुवातीला तो व्यासपीठावर असतो, शेवटी कट्ट्यावर. वाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटे वाटेल. एका परिच्छेदात एकच रूप धरावे.

एक जाहिरात लिहून पाहू

समजा, डोंबिवली पूर्वेच्या एका दुकानाला दिवाळीच्या फराळाची जाहिरात करायची आहे. किलोमागे ५० रुपये कमी करायचे आहेत, पण वसुबारसेपर्यंत मागणी नोंदवली तरच. बेसनाच्या लाडवांवर ही सूट नाही.

पहिला मसुदा बहुधा असा येतो : ‘दीपावलीच्या शुभमुहूर्तावर आमच्या सन्माननीय ग्राहकांसाठी फराळाच्या निवडक जिन्नसांवर विशेष सवलत देण्यात येत आहे. तरी आपण या संधीचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.’ यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण ५० रुपये कुठे आहेत? वसुबारस कुठे आहे? भारदस्तपणाच्या नादात नेमकी माहितीच गळाली. ‘निवडक’ या एका शब्दामागे लाडू लपला आणि भांडण काउंटरवर होणार हे ठरले.

मालकाचा मुलगा दुसरा मसुदा करतो : ‘भावा, फराळ म्हणजे नाद खुळा! ऑफर संपायच्या आत बुक कर!’ ‘नाद खुळा’ कोल्हापूरकडचा पाहुणा, इथे आला तरी पाहुणाच. शिवाय अशा शब्दांचे आयुष्य कमी असते. गेल्या वर्षीचा चलनी शब्द यंदा फलकावर दिसला, की ज्यांच्यासाठी तो लिहिला तीच मुले हसतात. आणि फराळ आणायला जाणारी आई किंवा मामी या वाक्यात कुठेच नाही.

तिसरा मसुदा असा करता येईल : ‘भाजणीची चकली, सुक्या खोबऱ्याची करंजी, पातळ पोह्यांचा चिवडा. फराळ तयार आहे. वसुबारसेपर्यंत सांगून ठेवा, किलोमागे ५० रुपये कमी द्या. बेसनाच्या लाडवांना ही सूट नाही.’ इथे विशेषणांची जागा पदार्थांच्या नावांनी घेतली आहे. ‘भाजणीची’ म्हटल्यावर आजीला विकत घेण्याजोगी चकली डोळ्यांसमोर येते आणि नातवाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. ‘मागणी नोंदवा’ आणि ‘बुक कर’ यांच्या मधला ‘सांगून ठेवा’ हा शब्द आपण घरात रोज वापरतो. लाडवाची अट लपवलेली नाही.

इंग्रजी शब्दांचे काय? ‘ऑफर’, ‘ऑर्डर’, ‘होम डिलिव्हरी’ हे ठाण्या-कल्याणच्या आजीलाही कळतात, ते वापरायला संकोच नको. उलट ‘घरपोच’ हा शब्द ‘होम डिलिव्हरी’पेक्षा छोटा आणि मोबाइलच्या पडद्यावर सुटसुटीत आहे, म्हणून तो घ्यावा. शुद्धतेचा आग्रह हे त्याचे कारण नव्हे.

‘मोदक भेटतील’

आता या पट्ट्यातला खरा अवघड प्रश्न. गणपतीत गल्लोगल्ली पाटी दिसते, ‘ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक भेटतील’. माणसे भेटतात, वस्तू मिळतात, असे शाळेत शिकलेला वाचक यावर हसतो आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. पण मुंबई-ठाण्यात आणि राज्याच्या इतर अनेक भागांत लाखो लोक रोज ‘तिकडे भेटेल’ असेच म्हणतात. ‘मी म्हणालो’ऐवजी ‘मी बोललो’ म्हणणारेही इथलेच. बोलण्यातली भाषा वापरा, असे सांगताना कोणाच्या बोलण्यातली, हा प्रश्न सुटत नाही.

आमचे मत असे : छापताना ‘मिळतील’ लिहावे. ‘भेटतील’ म्हणणाऱ्याला ‘मिळतील’ वाचताना अडखळायला होत नाही, पण उलट बाजूने अडखळायला होते, एवढेच त्याचे कारण आहे. मोदक करणाऱ्या बाईंची मराठी कच्ची आहे, हे कारण नाही. पाटीचा फोटो काढणाऱ्यांनी मोदकही खाऊन पाहावेत.

आगरी बोलीचे प्रकरण याहून नाजूक आहे. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची गावे, भिवंडी आणि ठाण्याचा बराच भाग मुळात आगरी-कोळी लोकांचा. जाहिरातीत मात्र ही बोली बहुतेकदा विनोद करायलाच येते, तीही बाहेरच्या लेखकाने ऐकीव हेल काढून लिहिलेली. तिथल्या ग्राहकाशी त्याच्या बोलीत बोलायचे असेल, तर मजकूर ती बोली बोलणाऱ्याकडून लिहून घ्यावा आणि त्यात भाव, तारीख, पत्ता हे सगळे त्याच बोलीत सरळपणे सांगावे. ते जमत नसेल तर बोलीला हात न लावलेला बरा.

औपचारिक मराठी लागते कुठे?

दोन ठिकाणी. एक, सणाच्या शुभेच्छेची ओळ. ‘हार्दिक शुभेच्छा’ला इतकी वर्षे झाली, की ती आता कोणालाच जड वाटत नाही. दुसरे, पैशांच्या अटी. पाडव्याला सोने किंवा घोडबंदर रोडवरचा फ्लॅट घेणाऱ्याला गमतीची भाषा नको असते. घडणावळ किती, मुद्रांक शुल्क कोण भरणार, हे नेमक्या शब्दांत हवे असते. पण नेमके म्हणजे बोजड नव्हे, आणि बारीक टायपातले इंग्रजीही नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्राने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार दावा ज्या भाषेत आणि ज्या टायपात, त्याच भाषेत आणि टायपात खुलासाही द्यावा लागतो. वर मोठ्या मराठीत ‘मजुरी माफ’ आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, ही पद्धत म्हणजे नियमाचा भंग आहे.

छपाईला देण्यापूर्वी मजकूर घरातल्या तिघांना मोठ्याने वाचायला द्यावा. एक साठीच्या पुढचा, एक चाळिशीतला, एक इंग्रजी माध्यमात शिकणारा. वाचताना कोणी छापलेला शब्द बदलून दुसराच उच्चारला, तर तो उच्चारलेला शब्द लिहून घ्यावा. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. वाचून झाल्यावर कागद काढून घ्यावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : किती रुपये कमी आणि कधीपर्यंत? तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही, तर मजकूर परत लिहावा.

आणि शुद्धलेखन तपासावे, कारण बोलण्यातली भाषा लिहिली म्हणून ऱ्हस्व-दीर्घाची सुट्टी लागत नाही. ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ऱ्हस्व, ‘दीपावली’तली दीर्घ. दोन्ही शब्द एकाच फलकावर आले, की टाइप करणारा दोन्हींना एकच वेलांटी देतो आणि ‘दिपावली’ आठवडाभर चौकात झळकत राहते.