'ठरले', पण करावयाचे कोणी?

विद्यार्थ्यांच्या वाङ्मय मंडळाचे इतिवृत्त उघडले, की बहुधा एक वाक्य भेटते : 'भित्तिपत्रिकेविषयी सविस्तर चर्चा झाली व ती लवकर काढावी असे ठरले.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. इतिवृत्त म्हणून मात्र ते निरुपयोगी होय. मराठीच्या कर्मणी रचनेत कर्ता सहज गाळता येतो, आणि 'ठरणे' हे क्रियापद तर ठरविणाऱ्याची विचारपूसही करीत नाही. ठरावापुरती ही सोय उचितच आहे, कारण ठराव कोणा एकाचा नसून सभेचा असतो. कार्यवाही मात्र सभा करीत नाही. ती कोणीतरी एक व्यक्ती करते.

म्हणून वरील वाक्याचे दोन भाग करावे लागतात. समजा, विषयपत्रिकेवर तिसरा विषय भित्तिपत्रिकेचा आहे. मग नोंद अशी व्हावी : 'विषय ३. ठराव : भित्तिपत्रिकेचा पहिला अंक १० ऑगस्ट रोजी लावावा, खर्च ३०० रुपयांपर्यंत करावा.' त्याखाली सूचक व अनुमोदक यांची नावे, आणि ठराव सर्वानुमते की बहुमताने संमत झाला, ते. त्यानंतर कार्यवाही : साहित्य सहसचिवांनी २५ जुलैपर्यंत गोळा करावे, कागद व रंग कोषाध्यक्षांनी १ ऑगस्टपूर्वी आणावेत. कोण काय बोलले, हे येथे नको. अपवाद एकच : एखाद्या सभासदाने आपला विरोध नोंदवावा अशी मागणी केली, तर तो एका वाक्यात नोंदवावा.

अशा नोंदीचा उपयोग पुढच्या सभेत कळतो. 'मागील इतिवृत्तावरून उद्भवणारे विषय' या सदरात सचिव फक्त दोन तारखा वाचतो आणि दोघांना उत्तर द्यावे लागते. पहिल्या वाक्यावरून मात्र कोणालाच काही विचारता येत नाही. (या सदराखाली नेहमी 'काही नाही' असेच लिहिलेले आढळले, तर दोष मागच्या पानावर शोधावा.)

त्याआधीचा विषय, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', हाही पुष्कळदा चुकीचा समजला जातो. भित्तिपत्रिकेचा खर्च मान्य नसलेला सभासद उठून 'हे इतिवृत्त कायम करू नये' म्हणतो. पण कायम करावयाची असते ती नोंद, निर्णय नव्हे. सभेत ३०० रुपये ठरले असतील आणि वहीत ५०० लिहिले असतील, तर हरकत रास्त आहे. अशा वेळी चुकीच्या आकड्यावर, तो वाचता येईल अशी, एकच रेघ ओढून शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि अध्यक्षांनी तेथे लघुस्वाक्षरी करावी. पान फाडू नये. निर्णयच बदलावयाचा असेल, तर तो विषय स्वतंत्रपणे विषयपत्रिकेवर आणावा लागतो. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात तो घुसवणे म्हणजे अनुपस्थित सभासदांना अंधारात ठेवणे होय.