हात दाखवून अवलक्षण नको

हात दाखवायचा मोह कुणाला होत नाही? लग्न, मुलंबाळं, परदेशगमन विचारून झालं की हळूच पुढचा प्रश्न येतो, “आणि तब्येतीचं काय?” मग हस्तसामुद्रिक बघणारा करंगळीकडे वळतो. करंगळीखालच्या बुधाच्या उंचवट्याकडून तिरकी खाली, मनगटाच्या दिशेने उतरणारी जी रेषा, तिला आरोग्यरेषा किंवा बुधरेषा म्हणतात. ती तुटक किंवा नागमोडी असली की पोट, पित्त, यकृत बिघडणार, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं.

गंमत अशी, की या रेषेबाबत पुस्तकांचंच एकमत नाही. ती कुठून सुरू होते? कुणी मनगटापासून म्हणतं, कुणी आयुष्यरेषेपासून, तर कुणी चंद्राच्या उंचवट्यापासून. कुणी म्हणतं, ठळक सरळ रेषा म्हणजे उत्तम प्रकृती. उलट, जगभर गाजलेला किरो म्हणतो, ही रेषा हातावर नसणंच सर्वांत चांगलं! हा किरो (१८६६-१९३६) आयर्लंडचा. ही विद्या आपण भारतात शिकलो, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्यामुळे आपल्याकडे त्याच्या शब्दाला वजन आहे. पण एकच हात दोघांना दाखवला आणि एकाने “ठणठणीत”, दुसऱ्याने “जपा” सांगितलं, तर आपण कुणाचं ऐकायचं? आणि दोघांपैकी चुकला कोण, हे ठरवायचं कसं?

आता हात तरी कसे असतात बघा. तळहाताच्या मुख्य घड्या आईच्या पोटातच, साधारण सातव्या ते चौदाव्या आठवड्यात पडतात. बाकी बारीक रेघांवर आपल्या कामाची छाप पडते. रत्नागिरीच्या आसपास काजूगर काढणाऱ्या बायकांच्या हाताला टरफलातलं तेल लागतं, कातडी काळी पडते, सोलवटते. लावणीच्या दिवसांत चिखलाने हात भेगाळतात. अशा हातावर “आरोग्यरेषा तुटलीय” म्हणणारा रेषा वाचतो की भेगा?

म्हणूनच जबाबदारीने हात पाहणारे जाणकार इथे थांबतात. आजाराचं नाव घ्यायचं नाही, मृत्यूचं वय सांगायचं नाही, चालू औषध बंद करायला सांगायचं नाही, हे त्यांचं पथ्य. आरोग्यरेषा आणि आयुष्यरेषा सारख्याच जोरकस असून जिथे मिळतात ते मृत्यूचं वय, असंही किरोने लिहिलंय. कुणी असं वय सांगितलं तर ते ऐकणाऱ्या बाईची रात्रीची झोप जाते. रेषेतलं अनुमान चुकलं तरी ती भीती काही चुकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखादीला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, छातीत धडधडतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. हात बघणारा म्हणतो, “आरोग्यरेषा नागमोडी, पित्ताचा कोप. सोमवार धरा.” पोटाची तक्रार कुणाला नसते? तिला ते पटतं आणि आधीच कमी असलेलं जेवण आणखी कमी होतं. प्रत्यक्षात तिचं हिमोग्लोबिन सात असतं! किंवा तो सांगतो, “रेषाच नाही, तुम्हाला काही होणार नाही.” हे तर जास्तच घातक, कारण मग ती तपासायलाच जात नाही.

हात तब्येतीबद्दल बोलतो, पण रेषांतून नव्हे, रंगातून. डॉक्टर आणि नर्सबाई तळहात बघतात ते त्यासाठीच. बोटं मागे न ताणता हात सैल उघडा. ताणला की रक्त सरकून चांगला हातही पांढरा दिसतो. मग उजेडात घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताशी ताडून बघा. तळवा आणि घड्या फिकट, पांढुरक्या दिसल्या, खालची पापणी ओढल्यावर आतही फिकट दिसलं, तर रक्त कमी असल्याची शंका घ्यायची. पण तीही शंकाच. थोडीशी कमतरता डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे हात गुलाबी दिसला तरी धाप आणि थकवा असेल तर रक्त तपासायलाच हवं. हिमोग्लोबिन बाईचं बारा, गरोदरपणी अकराच्या खाली असलं तर कमी समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. मग या सगळ्यांच्या आरोग्यरेषा नागमोडी होत्या म्हणायचं का?

हौसेने हात दाखवा, त्याला आमची ना नाही. पण तब्येतीचं विचारायचं तर दाखवायचं ते बोट, आणि तेही प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्ताच्या एका थेंबासाठी.