पाठीला लागलेला वारा

पूर्वी एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर वार्षिक भविष्य आणि पाककृती यांच्या शेजारी प्रेमपत्रे कशी लिहावीत हे शिकवणारी एखादी पातळशी पुस्तिका मांडलेली असे. तीत पहिल्या ओळखीचे पत्र असे, रुसव्याचे असे, लग्नाच्या मागणीचे तर असेच असे. पण चार वेळा भेटी झाल्या आहेत, दोघांना एकमेकांचा सहवास आवडू लागला आहे, आणि आता मनाच्या जोडीला शरीरही काही म्हणू लागले आहे, ही गोष्ट समोरच्याला कशी लिहून कळवावी, यावर त्या पुस्तिकेत अक्षर नसे. लिहिणाऱ्याला बहुधा नेमकी तिथेच धडकी भरत असावी.

आता कागद गेला, मोबाइल आला. पण धडकी कायम आहे. किंबहुना थोडी वाढलीच आहे. कवी अनिल आणि कुसुमावती यांचे लग्न १९२९ साली झाले, आणि त्याआधी त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे पुढे १९७२ साली 'कुसुमानिल' या नावाने पुस्तकरूपाने आली. त्या काळी पत्र लिहून झाले तरी पाकीट चिकटवायचे असे, तिकीट लावायचे असे, पेटीपर्यंत चालत जायचे असे. एवढ्या अवधीत अतिरेकी वाक्य माणसाला स्वतःलाच टोचू लागे आणि पाकीट पुन्हा फुटे. आता अंगठा टेकवला की संपले.

त्यात आपल्या भाषेची अडचण वेगळीच. या भावनेसाठी मराठीत एका टोकाला देहलता, अधर, बाहुपाश अशी मंडळी आहेत; ती आजच्या मुलाच्या हातून उतरली की मुलगी हसून लोळते. दुसऱ्या टोकाचे शब्द नाक्यावरचे. मधली जागा मोकळी राहिली, म्हणून तिथे 'हॉट' आणि 'सेक्सी' येऊन बसले. आमच्या मालवणीत तर शिवी हाच अलंकार. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर गाजवले तेव्हा अवघा महाराष्ट्र त्या भाषेवर पोट धरून हसला. पण तिथे शब्दांना सूर होता, डोळे होते, मिशीतले हसू होते. तोच शब्द मोबाइलच्या काचेवर उमटला की सूर मागे राहतो आणि नुसता शब्द पुढे जातो. समोरासमोर चाललेली थट्टा लिहून पाठवली की अंगावर येते ती यामुळेच.

या दिवसांत माझा एक भाचा अशाच पेचात माझ्याकडे आला. (हे लिहायला दोघांचीही परवानगी आहे, ओळख पटू नये एवढी काळजी मी घेतली आहे.) मुलगी मालवणची, नोकरी कुडाळला. ओळख एका लग्नात झाली. पहिली भेट कुडाळात चहावर, दुसरी धामापूरच्या तळ्यावर, तिसरी सिंधुदुर्ग किल्ल्यावर, तीही मुलीच्या चुलतबहिणीच्या पहाऱ्यात. चौथ्या वेळी मात्र दोघेच स्कूटरवरून देवबागला गेली आणि संगम पाहून संध्याकाळी परतली. त्या रात्री साडेअकराला स्वारी माझ्या ओटीवर.

"मामानू, माका ह्या जमना नाय. जरा बघशात?"

मोबाइलवर तीन मसुदे तयार होते. पहिला असा : 'आज तू कसली हॉट दिसत होतीस, डोळ्यांसमोरून जातच नाहीस.' मी म्हटले, हे वाक्य तुझे नव्हे. आज बाजारातून जाताना जिने जिने म्हणून कुणाचे लक्ष वेधून घेतले असेल, तिला तिला ते पाठवता येईल. त्यात देवबाग नाही, तू नाहीस, तीही नाही. फक्त तिच्या रूपाला दिलेले मार्क आहेत. आणि मार्क मिळाल्यावर तिने काय म्हणावे? आभारी आहे?

दुसरा : 'तुला घट्ट मिठीत घ्यायचंय. पुढच्या वेळी नक्की.' यात मिठी वाईट नाही. वाईट आहे तो 'नक्की'. पुढच्या भेटीत काय व्हायचे ते याने एकट्याने ठरवून टाकले. आता ती मुलगी भेटीला यायचा विचार करील तेव्हा तिच्या डोक्यात संगम नसेल, सोलकढी नसेल. ऐनवेळी नको वाटले तर हात कसा सोडवून घ्यायचा, हा हिशेब असेल. तिसऱ्या मसुद्यात चंद्र होता, लाटा होत्या, जन्मोजन्मीचे नाते होते, आणि तो वाचून या मुलाला तिच्याविषयी नेमके काय वाटते ते काही केल्या कळत नव्हते. असभ्य होऊ नये म्हणून माणूस पुष्कळदा असा धुक्यात शिरतो. दुसऱ्याच्या हाती मात्र ओले धुकेच लागते.

मी विचारले, "आज झाले काय ते सांग. सुशोभित न करता."

हळूहळू निघाले ते असे. जाताना ती सीटच्या मागची कडी धरून बसली होती. येताना तारकर्लीच्या अलीकडे पावसाची सर आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सर थांबली, पण हात राहिला. नंतर तिने पाठीवर डोके टेकले. मालवणात भरडावर ती उतरून गेली.

"मग?"

"मगे काय नाय. पाठीक वारो लागलो."

मी म्हटले, अरे गाढवा, हेच लिही की!

त्याने लिहिले ते येथे देतो : 'तू भरडावर उतरलीस आणि पाठीला एकदम वारा लागला. घरी पोचेपर्यंत लागतच होता. तुझं जवळ असणं मला फार आवडलं.'

आता हे नीट पाहा. यात शरीर आहेच, नाही कसे? पण शरीर त्याचे आहे, पाठ त्याची आहे. तिच्या कोणत्याही अवयवाचा उल्लेख नाही, आणि तरी ती किती जवळ होती ते त्या वाऱ्यावरून कळते. शिवाय जे घडले त्याच्या पुढे मजकूर एक पाऊलही गेलेला नाही. डोके टेकले होते ते तिने, आपणहून. त्याने फक्त ते आपल्यापर्यंत पोचले एवढे कळवले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. प्रत्यक्ष भेटीत जिथवर दोघे आली असतील, त्याच्या एक पाऊल मागे लेखणीने राहावे. पुढचे पाऊल समोरासमोर पडू द्यावे, कारण तिथे समोरच्याचा चेहरा दिसतो आणि पाऊल मागेही घेता येते. आणखी एक : या तीन वाक्यांत प्रश्न नाही. 'तुला कसं वाटलं?' असे त्याला शेवटी जोडायचे होते, ते मी खोडले. प्रश्न विचारला की उत्तर द्यावे लागते, आणि अशा उत्तराची सक्ती झाली की गोडी गेली. शेवटचे वाक्य मात्र मी राहू दिले. ते साधे आहे, सरळ आहे. ते नसते तर वाऱ्याची गोष्ट हवामानाच्या बातमीसारखी वाटली असती.

मजकूर रात्री लिहिला तरी धाडला सकाळी नऊला. यात मुहूर्त वगैरे नाही. रात्री बाराला आलेला तोच मजकूर वेगळ्या अर्थाने वाचला जातो. शिवाय आपल्या घरांतून मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि पहिली ओळ बंद पडद्यावरही झळकते. ती आधी तिची आत्ये वाचणार! मजकूर मागे घेता येतो म्हणून कुणी बेफिकीर राहू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेले पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते आणि दोनेक दिवस दोघांच्याही मोबाइलवरून पुसता येते, हे खरे. पण पुसल्याची खूण मागे राहते, आणि जे वाचून झाले ते पुसणार कोण? मालवणसारख्या गावात पडद्याचे एक छायाचित्र भरडापासून बंदरापर्यंत पोचायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा मुलीच्या घराला द्यावी लागते.

दुपारपर्यंत उत्तर नाही. भाच्याने जेवण टाकले. 'रागावलीस का?' असे विचारू का, म्हणून मला तीनदा फोन. मी निक्षून नाही म्हटले. एका मजकुरामागून लगेच दुसरा गेला की पहिल्यातला संयम खोटा ठरतो. संध्याकाळी उत्तर आले : 'पुढच्या खेपेस जॅकेट घाल. थंडी बाधेल.'

भाचा हिरमुसला. त्याला वाटले, विषय उडवला. मला तसे वाटले नाही. तिने वारा उचलला होता, त्याचीच थट्टा केली होती, आणि मुख्य म्हणजे 'पुढच्या खेपेस' म्हटले होते. उत्तर वाचायचे ते असे : आपण टाकलेला धागा तिने हातात घेतला आहे का, आणि त्याला स्वतःचे काही जोडले आहे का. दोन्ही असेल तर ठीक चालले आहे. त्याने उलट लिहिले, 'जॅकेट घालणार नाही.' हे मला विचारून लिहिलेले नव्हते, आणि माझ्याने सुचलेही नसते.

दुसऱ्या जातीची उत्तरेही मी पाहिली आहेत. स्नेह्याच्या मुलीने मला एकदा आपला मोबाइल दाखवला. मुलगा बरा होता, तीन भेटी चांगल्या झाल्या होत्या. मग त्याने तिच्या ओठांविषयी लिहिले. तिने नुसता हसरा चेहरा पाठवला आणि खाली आंब्याच्या पेटीचा भाव विचारला. त्याने पुन्हा ओठ. तिने लिहिले, झोप आली. त्याने तिसऱ्यांदा लिहिले, वर 'लाजतेस काय?' अशी पृच्छा. तो हसरा चेहरा म्हणजे होकार नव्हता. दार लोटताना पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून आपण हसतो, ते ते हसू होते. विषय बदलला, उत्तर आखूड झाले, की तो नकार धरावा आणि भाव विचारला असेल तर भाव सांगावा. इतके केले असते तर चौथी भेट झाली असती असे ती मुलगीच म्हणाली. तिने पुढे स्पष्ट 'नको' लिहिले तेव्हा तो थांबला, हे त्याचे नशीब. कारण नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मजकूर धाडत राहणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेतही २०१३ पासून तसे कलम होतेच.

याच मुलीने मला आणखी एक प्रश्न विचारला. "काका, मुलग्यांनीच का लिहायचं? मला वाटलं तर?"

मी म्हटले, नियम तोच. पुरुषाला काही वेगळी कातडी नसते. नको असलेल्या मजकुराने तोही अवघडतो, फक्त सांगत नाही. पण वाटले तर लिहावे. 'ओढ' हा आपल्याकडचा शब्द त्यासाठी छान आहे. त्यात अंगही येते आणि मनही येते. शिवाय पाण्यात उतरू पाहणाऱ्याला 'आज ओढ आहे' असे आम्ही आधीच सांगतो, उतरायचे की नाही ते त्याचे त्याने ठरवायचे.

यंदा गणपतीत ती पुन्हा भेटली. कोणा दुसऱ्याच मुलाला तिने लिहिले होते : 'काल होडीत चढताना तू हात दिलास. चढून झाल्यावरही मी सोडला नाही, ते मुद्दाम.' उत्तर काय आले ते मी विचारले नाही. तिच्या हातात दोन तिकिटे होती, दशावताराची.