चेहऱ्याला तिघेच पुरेत
कुर्डुवाडीचा एप्रिल म्हणजे चाळिशीपलीकडचा पारा आणि कोरडी हवा. अशात नववीतल्या मुलीच्या कपाळावर पुटकुळ्या उठल्या, की घरात लिंबू, टूथपेस्ट, स्क्रब नि मैत्रिणीचं सिरम एकदमच गोळा होतं. खरं तर तिघेच पुरेत: सौम्य फेसवॉश, तेलविरहित साधं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. तो अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. बोअरच्या जड पाण्यात त्याचा थर चेहऱ्यावर राहतो आणि त्वचा ओढल्यासारखी होते. फेसवॉश दिवसातून दोनदाच, लगेच ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर. सनस्क्रीन दोन बोटांवर पट्टी ओढून येईल तेवढं, शाळेला निघण्याआधी. नवी वस्तू एका वेळी एकच, पुढची आठवड्याभराने. म्हणजे आग झाली तर गुन्हेगार लगेच सापडतो. पाच बाटल्या एकदम उघडल्या की तो शोध संपलाच. सगळ्यात भीती वाटते ती ‘गोरं करणाऱ्या’ औषधी ट्यूबची. अशा काहींत बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग लाली, पातळ कातडी, आणि ट्यूब बंद करताच पुटकुळ्यांचा उद्रेक. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही, तरी मागितली की मिळते. म्हणून घटकांची नावं घरीच वाचावीत. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे दिसले, तर तिघांवर विसंबू नये, त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.