पत्र कशासाठी हवंय?

परवा टीममधल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. आजोबांचं पत्र, जुनं अंतर्देशीय, शाईने लिहिलेलं. खाली एकच ओळ: "याचं इंग्लिश करून देशील?" पठ्ठ्या न्यू जर्सीत वाढलेला. मराठी बोलतो झकास, पण देवनागरी वाचता येत नाही.

मला वाटलं, आजोबांची आठवण म्हणून हवं असेल. चहा पिता पिता अर्ध्या तासात छानसं, वाहतं इंग्लिश करून दिलं. मायन्यातले 'चि.', 'अ. आ.' वगैरे सगळं 'डियर'मध्ये गुंडाळलं. तो खूश, मीही खूश.

चार दिवसांनी त्याचा फोन. "म्हणजे तळ्याकडची जमीन आजोबांनी भाऊआजोबांना देऊन टाकली होती ना? मी घरच्या सगळ्यांना तुझं ट्रान्सलेशन फॉरवर्ड केलंय. त्यावरून जोरात वाद चाललाय."

माझ्या पोटात गोळा! मूळ वाक्य असं होतं: "तळ्याकडचा तुकडा भाऊंस ... वर्षांकरिता वहिवाटीस दिला आहे." मी लिहिलं होतं, 'आय हॅव गिव्हन द लँड टु भाऊ'. वहिवाटीला देणं म्हणजे कसायला, वापरायला देणं. मालकी देणं नव्हे. इंग्लिश वाचणाऱ्याला मात्र 'गिव्हन' म्हणजे देऊन टाकली असंच वाटणार. वर ते टिंबांच्या जागचं अक्षर घडीत गेलेलं, वाचता आलं नाही, म्हणून 'वर्षांकरिता' हा शब्दच मी गाळून टाकला. अडचणीची जागा नेमकी महत्त्वाची निघाली.

चूक मराठीची नव्हती. कशासाठी हवंय हे मी विचारलंच नाही, आणि स्वतःच एक उत्तर धरून चाललो. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहिणाऱ्याला आपण ऑफिसात काय काय बोलतो!

माझं मत असं की हेतू माहीत नसेल तेव्हा गोड भाषांतर करूच नये. ओबडधोबड पण पूर्ण करावं. पूर्ण भाषांतरातून पुढे गोड करता येतं, पण गोडातून गाळलेलं परत मिळत नाही. जेपेगवरून रॉ फाइल बनत नाही, तसंच.

मग त्याच पत्रावर पुन्हा बसलो. आधी त्याला सांगितलं की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करणार नाही. पत्राच्या सगळ्या बाजू पाठव, कारण जागा संपली की आपले आजोबालोक ता. क. घडीच्या कडेला आडवा लिहितात. आणि घडीवर एका बाजूने उजेड पाड. नव्या फोटोत ते अक्षर दिसलं: 'पाच'. पाच वर्षांकरिता वहिवाटीस!

मग मी आधी मूळ मजकूर ओळीला ओळ देवनागरीत टाइप केला आणि मगच इंग्लिशकडे वळलो. जिथे खात्री नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह. तारखेतला पहिला आकडा १ की ९, कळेना. हाताने लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. तारखेच्या शेवटी '५९' होतं, त्यातल्या ९ च्या शेपटीशी ताडून पाहिलं, तर ९ च. म्हणजे ९-४-५९. हेही आकड्यांत ठेवलं तर अमेरिकेत ४ सप्टेंबर वाचतील, म्हणून महिना अक्षरांत लिहिला, एप्रिल. 'वहिवाट' हा शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ दिला. 'कै. आबा' मधला 'कै.' आधी उडवला होता, तो परत आणला. आबा एप्रिल १९५९ च्या आधी गेले होते, हे त्या एका अक्षरावरून कळतं. वंशावळ शोधणाऱ्याला ते सोन्यासारखं.

अर्थात याला मर्यादा आहेत. आजीला फोनवर वाचून दाखवायचं असेल तर असलं कंसाळलेलं भाषांतर रुक्षच वाटणार. आणि सरकारी कामासाठी हेही पुरत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला पूर्ण भाषांतर लागतं, शिवाय ते पूर्ण आणि अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा नीट येतात असं भाषांतरकाराने सही करून द्यावं लागतं. माझ्या चहावाल्या भाषांतरावर अशी सही करायची हिंमत माझी तरी झाली नसती.

असो. नवं भाषांतर त्याच्या घरच्यांना गेलं. वाद मिटला असं नाही, पण आता निदान आजोबांनी लिहिलेल्या वाक्यावर भांडतायत, माझ्या वाक्यावर नाही. हल्ली कोणी पत्राचा फोटो पाठवला की मी आधी एवढंच विचारतो, "कशासाठी हवंय रे?" आणि उत्तर नाही आलं, तर कंस तसेच ठेवतो.