रिकाम्या ट्रेलरचा धूर कोण मोजणार?

समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्धा जिल्ह्यात मालवाहतुकीचा विषय निघाला की एक मत हटकून ऐकू येतं. रस्ता गुळगुळीत झाला, ट्रेलर थांबत नाही, डिझेल वाचतं. मग रुईच्या गाठी रेल्वेवर चढवायची उठाठेव कशाला? याच्या विरुद्ध टोकाला पर्यावरणाचा कैवार घेणारे आहेत. रेल्वे म्हणजे स्वच्छ, जहाज त्याहून स्वच्छ, एवढ्यावर त्यांचा हिशेब संपतो. माझं म्हणणं असं, की दोन्ही बाजूंनी एकाही फेरीचा हिशेब मांडलेला नाही. तो मांडला तर पहिल्यांचं मत उभं राहत नाही आणि दुसऱ्यांचं अर्धंच राहतं.

हिशेबासाठी हिंगणघाटच्या जिनिंग-प्रेसिंगमधून न्हावाशेवा बंदराला जाणारा एक कंटेनर घेऊ. चाळीस फुटी कंटेनर, आत 25 टन रुईच्या गाठी, अंतर साधारण 750 किलोमीटर. भरलेला ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर देतो असं धरलं, तर जाताना 214 लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जाण्याचे झाले 575 किलो.

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. ट्रेलर मात्र इथे थांबत नाही. परतीचं भाडं मिळालं नाही, तर तो रिकामा कंटेनर घेऊन वर्ध्याकडे निघतो. रिकाम्यात लिटरला पाच किलोमीटर धरले तरी आणखी 150 लिटर डिझेल, म्हणजे आणखी 400 किलो. हे 400 किलो त्या 25 टन रुईमुळेच निघाले. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाहीत. मालवाहतुकीच्या उत्सर्जनमोजणीचं 2023 चं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ 14083, हेच सांगतं : रिकामी फेरी ज्या मालासाठी झाली, त्याच्याच खात्यावर ती लावायची. एकूण 975 किलो. टनामागे किलोमीटरला 31 ग्रॅम वाटणारा आकडा 52 वर जातो.

ही फेरी दिसत का नाही, याचं कारण कागदात आहे. माल निघतो तेव्हा ई-वे बिल तयार होतं. त्यावर मालाची किंमत, गाडीचा नंबर आणि अंतर असतं. बिल्टीवर वजन असतं. रिकाम्या कंटेनरला मात्र ई-वे बिलातून सूट आहे, आणि ज्याच्यात माल नाही त्याची बिल्टी कोण फाडणार? त्यामुळे कागद गोळा करून कार्बनचा हिशेब करणाऱ्याला अर्धाच प्रवास सापडतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या डिझेलच्या नोंदीत असतो. निघताना टाकी फुल, परत आल्यावर पुन्हा टाकी फुल, आणि मधल्या सगळ्या पावत्या. छोट्या जिनिंगवाल्याला हे मोजणं जमणार नाही, हा आक्षेप म्हणून मला पटत नाही. यंत्र लागत नाही, सल्लागार लागत नाही. वाहतूकदाराकडून दोन्ही बाजूंच्या पावत्या मागून घ्याव्या लागतात. आकडा फारच सुंदर दिसू लागला, तर परतीची फेरी गळाली आहे असं खुशाल समजावं.

आता रेल्वे. इथे आणखी एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही : विजेचं इंजिन कोळशाच्या विजेवर चालतं, मग फरक काय? फरक आकड्यात आहे. वाघिणीचं वजन 19 टन, कंटेनरचं 4, माल 25. एकूण 48 टन. हजार टन एक किलोमीटर ओढायला सहा युनिट वीज लागते असं धरू. कसाऱ्याच्या घाटामुळे मी हा आकडा मुद्दाम सैल ठेवला आहे. वर्धा ते मुंबईच्या पट्ट्यात एका कंटेनरमागे सुमारे 220 युनिट होतात. देशाच्या ग्रिडमध्ये कोळसा धरूनच एका युनिटमागे 0.72 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे 160 किलो. वाघीण रिकामी परत आली तर आणखी 75. न्याय दोघांना सारखाच हवा, म्हणून रेल्वेची रिकामी परतीही मी सोडलेली नाही.

शिवाय हिंगणघाटहून माल रेल्वेत चढेपर्यंत ट्रेलर लागतोच. सिंदी (रेल्वे) इथल्या लॉजिस्टिक पार्कमध्ये माल चढेल असं गृहीत धरलं आणि अंतर साधारण 60 किलोमीटर मानलं, तर जाऊन-येऊन आणखी 80 किलो. बेरीज 315. तोच माल, तेच बंदर. 975 च्या जागी 315, म्हणजे एक तृतीयांश. दोन्ही बाजूंना परतीचा माल मिळाला तर तुलना 575 आणि 240 अशी होते. फरक कमी होतो, पण मिटत नाही. कोळशाचा आक्षेप या बेरजेत आधीच धरलेला आहे. तो वेगळा मांडून जिंकता येत नाही. मात्र रेल्वे दहापट स्वच्छ असते, असं सांगत फिरणाऱ्यांनाही ही बेरीज आधार देत नाही.

खरी अडचण वेळेची आहे आणि ती मी कमी लेखत नाही. ट्रेलर सांगितल्या दिवशी दारात उभा राहतो. रेक मात्र 45 वाघिणींचा असतो, आणि तो भरल्याशिवाय हलला तर हिशेब कोसळतो. अर्धा रिकामा रेक अर्ध्या मालासाठी उरलेल्या वाघिणीही ओढतो. एकट्या जिनिंगकडे असे 45 कंटेनर एका वेळी निघत नाहीत. पण हिंगणघाट, वर्धा, पुलगाव, आर्वी आणि शेजारचं यवतमाळ मिळून हंगामात ते निघू शकतात. गाठी म्हणजे टोमॅटो नव्हेत. गोदामात त्या आठवडेच्या आठवडे पडून असतात, दोन दिवस थांबल्याने नासत नाहीत. याच भागात एके काळी आर्वीचा कापूस अरुंद रुळांच्या गाडीने पुलगावला यायचा आणि तिथे मोठ्या गाडीत चढायचा. ती लाईन गेली, कारण माल दोनदा चढवण्या-उतरवण्याचा त्रास ट्रकने वाचवला. कंटेनरने तोच त्रास आज संपवला आहे : गाठीला हात न लावता पेटी उचलली जाते. आता हवा आहे ठरल्या वाराला, ठरल्या वेळी सुटणारा रेक. ज्याला ठाऊक आहे की मंगळवारी गाडी सुटणारच, तो सोमवारी माल आणतो.

राहिलं जहाज. वर्ध्याची रुई कोइंबतूरच्या सूतगिरण्यांनाही जाते, आणि किनारी जहाजाने ती पाठवावी असं सुचवणारे भेटतात. न्हावाशेव्यापर्यंत रेल्वेने 750 किलोमीटर पश्चिमेला, तिथून समुद्राने कोचीपर्यंत हजारावर किलोमीटर, मग पुन्हा ट्रकने 190. जहाजाला टनामागे किलोमीटरला 20 ग्रॅम धरले, तर एकूण टनामागे 43 किलोच्या आसपास निघतात. हिंगणघाट तर श्रीनगर-कन्याकुमारी महामार्गावरच आहे. तिथून सरळ दक्षिणेला गेलेला, परतीचं भाडं मिळालेला ट्रकही साधारण 1,350 किलोमीटरमध्ये 42 किलोच सोडतो. ही सगळी यातायात कशासाठी? किनाऱ्याजवळच्या गुजरातच्या कापसाला समुद्रमार्ग शोभतो. वर्ध्याला तो उलटा वळसा आहे. वर्ध्याच्या मालासाठी दक्षिणेची वाट सेवाग्राम-बल्लारशाहमार्गे रुळांवरूनच जाते. ती दीड हजार किलोमीटरची धरली आणि रिकामी परतही लावली, तरी टनामागे 19 किलो, वर दोन्ही टोकांच्या ट्रकचे पाच-सहा. म्हणून सिंदीच्या रेकचं वेळापत्रक आखताना मुंबईच्या गाडीइतकीच दक्षिणेची गाडी मागायला हवी. आज मागणी फक्त मुंबईचीच होते आहे.